भरलेला पट्टा आणि पहिले पंधरा सेकंद

औष्णिक वीज केंद्रात कोळसा वाहणारा कन्व्हेयर रिकामा असताना सुरू होतो, तेव्हा कुणाचे फारसे लक्ष जात नाही. प्रश्न उभा राहतो तो भरलेला पट्टा मध्येच थांबल्यावर. पुढच्या चूटमध्ये कोळसा अडकतो, कुणी आणीबाणीची दोरी ओढते किंवा वीज जाते, आणि एक किलोमीटर लांबीचा पट्टा पाठीवरच्या मालासकट जागच्या जागी थांबतो. तो रिकामा करायला फावडी घेऊन माणसे चढवणे हा शेवटचा उपाय असतो. त्याआधी तो भरलेल्या अवस्थेतच पुन्हा हलवावा लागतो. मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये कोणता जोड बसवायचा, हे या कामावरूनच ठरते. घर्षणाचा क्लच आणि तेलाने भरलेले फ्लुइड कपलिंग हे त्याचे दोन जुने पर्याय आहेत.

हिशेबासाठी एक नमुन्याचा कन्व्हेयर घेऊ. लांबी १,००० मीटर, वेग सेकंदाला २.५ मीटर, वहनक्षमता ताशी १,००० टन. या वेगाला पट्ट्याच्या प्रत्येक मीटरवर सुमारे १११ किलो कोळसा असतो, म्हणजे पूर्ण लांबीवर १११ टन. जाणारा आणि परतणारा मिळून पट्ट्याचे वजन सुमारे ४० टन आणि फिरणाऱ्या रोलरांचे सुमारे ३० टन. अशी १८० टनांची हलती वस्तू शून्यापासून पूर्ण वेगाला न्यायची, तर तिच्यात साधारण ५६० किलोज्यूल गतिज ऊर्जा भरावी लागते. पुली आणि गिअर धरून हा आकडा ६०० मानू. पट्टा चालू ठेवायला १४४ किलोवॅट लागतात आणि त्यासाठी मिनिटाला १,४८० फेऱ्यांची १६० किलोवॅटची मोटर बसवली आहे, असे समजू.

ही मोटर गिअरबॉक्सला थेट जोडून बटण दाबले, तर काय होते? पिंजरा-रोटरची मोटर सुरू होताना पूर्ण भाराच्या सुमारे सहा पट विद्युतप्रवाह ओढते, आणि वेग घेताना एका टप्प्यावर तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, नेहमीच्या अडीच पटीपर्यंत चढतो. हा जोर एकदम पट्ट्यावर येतो. रबराचा पट्टा ताणला जातो. ड्राइव्ह पुलीजवळचा भाग निघालेला असतो तेव्हा शेपटाकडचा भाग अजून उभाच असतो. ताणाची लाट पट्ट्यातून धावते, ताण धरून ठेवणारे काउंटरवेट वरखाली आदळते, सैल पडलेल्या जागी पट्टा रोलरांमध्ये झोल खातो आणि कोळसा सांडतो. पुली पट्ट्याखाली नुसतीच फिरली तर तिच्यावरचे रबर जळते. सर्वांत जास्त मार बसतो तो पट्ट्याच्या जॉइंटला. तो एका धक्क्यात क्वचितच तुटतो, पण प्रत्येक धक्क्यागणिक थोडा थोडा उसवत जातो.

म्हणून जोराला मर्यादा घालावी लागते. मोटरच्या पूर्ण भाराच्या टॉर्कपैकी १४० टक्क्यांच्या आसपासच जोर पट्ट्यापर्यंत पोहोचू द्यायचा, ही प्रचलित मर्यादा. आपल्या उदाहरणात ती २२४ किलोवॅटच्या तोलाची होते. त्यातले १४४ पट्ट्याचे घर्षण आणि चढ यांच्यात जातात. उरलेले ८० वेग वाढवण्याच्या कामी येतात. एवढ्या शिलकीवर १८० टनांना पूर्ण वेग घ्यायला १५ सेकंद लागतात.

या १५ सेकंदांत मोटर जवळजवळ पूर्ण वेगाने फिरत असते आणि गिअरबॉक्सचा दांडा शून्यापासून हळूहळू तिथवर येत असतो. दोन्ही वेगांतला फरक कुठेतरी घसरून भरून काढावा लागतो. या घसरण्याला कारखान्यात स्लिप म्हणतात. मोटरचा वेग १०० धरला आणि दांडा ४० वर असला, तर स्लिप ६० टक्के. स्लिपची किंमत उष्णतेत मोजावी लागते. क्लच असो वा फ्लुइड कपलिंग, आत जाणारा आणि बाहेर पडणारा टॉर्क सारखाच असतो. कमी होतो तो फक्त वेग. त्यामुळे ६० टक्के स्लिप असताना आत आलेल्या शक्तीपैकी ६० टक्के शक्ती जागच्या जागी उष्णता होते.

पहिल्या क्षणी दांडा उभा असतो, स्लिप १०० टक्के असते आणि २२४ किलोवॅट पूर्णपणे जोडाच्या आत जिरतात. शेवटच्या क्षणी ही गळती जवळपास संपते. मधली सरासरी ११२ किलोवॅट, आणि १५ सेकंदांची बेरीज १,६८० किलोज्यूल. मोटरकडून आलेल्या ऊर्जेपैकी निम्मी जोडातच राहिली.

इथे अनेकांची समजूत चुकते. फ्लुइड कपलिंगमध्ये घासणारे काही नसल्यामुळे त्यात उष्णता कमी होत असेल, असे वाटते. प्रत्यक्षात तोच पट्टा तितक्याच जोराने तितक्याच वेळात सुरू केला, तर दोन्हींत अगदी सारखीच उष्णता निर्माण होते. ती जोडाच्या जातीवर अवलंबून नसते, सुरुवात किती जोराने केली यावर असते. आणि ती जितकी हळुवार, तितकी उष्णता जास्त. मर्यादा १४० टक्क्यांवरून १२० टक्क्यांवर आणली, तर वेग वाढवायला ८० ऐवजी ४८ किलोवॅटच उरतात. वेळ १५ वरून २५ सेकंदांवर जातो आणि उष्णता १,६८० वरून २,४०० किलोज्यूलवर. पट्ट्याला जपले की जोड तापतो. या दोहोंतून सुटका देणारा कोणताही घसरणारा जोड नाही.

विजेच्या बिलात ही रक्कम नगण्य आहे. एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल, तेव्हा एका सुरुवातीत अर्ध्या युनिटापेक्षाही कमी वीज उष्णतेत गेली. अडचण आहे ती एवढी उष्णता पाव मिनिटात, एका लहानशा जागेत उतरते याची. दोन्ही जोडांची खरी तुलना ही उष्णता कुठे उतरते आणि तिथून पुढे कशी जाते, यावर व्हायला हवी.

साध्या कोरड्या क्लचमध्ये मोटरच्या बाजूची ओतीव लोखंडाची तबकडी आणि दांड्याच्या बाजूची लायनिंग लावलेली तबकडी स्प्रिंगने किंवा हवेच्या दाबाने एकमेकींवर दाबल्या जातात. मोटर आधी मोकळी फिरवून घ्यायची आणि मग दाब हळूहळू वाढवायचा. त्यामुळे मोटरला भार न घेता वेग पकडता येतो, हा गुण दोन्ही जोडांत समान आहे. क्लचमधली उष्णता मात्र लायनिंग आणि लोखंड जिथे टेकतात, त्या पातळ पृष्ठभागावर जन्मते. लायनिंग उष्णतेची मंद वाहक असल्याने बहुतेक सगळी उष्णता लोखंडात जाते. आपल्या मोटरजोग्या क्लचमध्ये तबकड्यांचे लोखंड समजा २५ किलो आहे. १,६८० किलोज्यूलने त्याचे तापमान सरासरी १३० अंशांहून अधिक चढते, तेही संपूर्ण लोखंड सारखेच तापले असे धरून. पंधरा सेकंदांत ते तसे तापत नाही. पृष्ठभाग आतल्या लोखंडाच्या बराच पुढे असतो, आणि सेंद्रिय लायनिंगचा तग २५० ते ३०० अंशांच्या आसपास सुटू लागतो.

पहिली सुरुवात क्लच निभावून नेतो. पण पट्टा दोन मिनिटांत पुन्हा थांबला आणि पुन्हा सुरू करावा लागला, तर तबकडी अजून गरमच असते. तापलेल्या लायनिंगची पकड ढिली पडते, त्यामुळे टॉर्क घटतो, सुरुवात लांबते आणि उष्णता आणखी वाढते. हे चक्र एकदा लागले की लायनिंग जळाल्याचा वास येईपर्यंत थांबत नाही. उघडून पाहिले तर लायनिंगवर काचेसारखी चकाकी आलेली असते, लोखंडावर निळसर-काळे डाग असतात आणि मध्यातून कडेकडे गेलेल्या बारीक भेगा दिसतात. डाग सांगतात की उष्णता सगळीकडे सारखी न पसरता ठिकठिकाणी साचली. भेगा सांगतात की पृष्ठभाग तापून फुगला तेव्हा खालचे लोखंड थंडच होते.

दुसरी तक्रार झटक्यांची. अनेक लायनिंगांची पकड स्थिर असताना जास्त आणि घसरताना कमी असते. त्यामुळे क्लच क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. हा थरकाप गिअरबॉक्सच्या दात्यांपर्यंत आणि पट्ट्यापर्यंत पोहोचतो. ज्या धक्क्यापासून पट्टा वाचवायचा, तोच लहान लहान हप्त्यांनी त्याला मिळत राहतो. शिवाय लायनिंग झिजते, फट वाढते, दाब पुन्हा जुळवावा लागतो. कालची सुरुवात आणि आजची सुरुवात सारखी होईल याची खात्री कोरड्या क्लचमध्ये देता येत नाही, आणि जड कन्व्हेयरसाठी हाच त्याचा सर्वांत मोठा दोष म्हणायला हवा.

फ्लुइड कपलिंगची कल्पना जर्मन अभियंता हर्मान फ्यॉटिंगर याची, १९०५ मधल्या पेटंटची. त्याच्यासमोरचे काम जहाजाचे होते: वेगाने फिरणारे वाफेचे टर्बाइन आणि सावकाश फिरणारा पंखा यांची सांगड घालण्याचे. कन्व्हेयरवर ही कल्पना नंतर आली, आणि तिथे चांगलीच रुजली.

दोन वाट्या तोंडाला तोंड लावून धराव्यात, तशी आतली रचना असते. दोन्ही वाट्यांत मध्याकडून कडेकडे जाणाऱ्या पाती असतात आणि मध्ये काही मिलिमीटरची फट. मोटरच्या बाजूची वाटी म्हणजे इम्पेलर, गिअरबॉक्सच्या बाजूची म्हणजे रनर. इम्पेलर फिरला की त्यातले तेल बाहेरच्या कडेकडे फेकले जाते, फट ओलांडून रनरच्या पातींवर आदळते, तिथे आपला जोर देते आणि मध्याकडून पुन्हा इम्पेलरमध्ये परतते. धातूला धातू कुठेच टेकत नाही. दोन्ही वाट्या एकाच वेगाने फिरू लागल्या तर तेलाला फट ओलांडायचे कारणच उरत नाही, म्हणून थोडी स्लिप कायमची लागते. पूर्ण भारावर ती साधारण २ ते ४ टक्के असते.

या यंत्राचा सर्वांत उपयोगी गुण त्याच्या गणितातच आहे. त्यातून जाणारा टॉर्क इम्पेलरच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. मोटर अर्ध्या वेगावर असताना कपलिंग पूर्ण वेगाच्या टॉर्कच्या फक्त पाव हिस्सा मागते. मोटर त्यामुळे जवळजवळ मोकळीच सुरू होते, काही सेकंदांत वेग पकडते आणि सहा पट प्रवाहाचा काळ लवकर संपतो. पट्टा त्यानंतर निघतो. यासाठी कुणाला दाब वाढवावा लागत नाही, झडप उघडावी लागत नाही. लांब केबलच्या टोकाला व्होल्टेज पडते अशा खाणीत हा गुण फार मोलाचा ठरतो, कारण व्होल्टेज पडले की मोटरचा टॉर्क त्याच्या वर्गाने घटतो.

मात्र पूर्ण भरलेले साधे कपलिंग १०० टक्के स्लिपवर नेहमीच्या अडीच-तीन पट टॉर्कही पुढे ढकलू शकते. १४० टक्क्यांची मर्यादा आणण्यासाठी त्यात विलंब-कोठी जोडलेली असते. कपलिंग थांबलेले असताना तेलाचा एक भाग या कोठीत जाऊन बसतो. सुरुवातीला वाट्यांमध्ये तेल कमी, म्हणून जोरही कमी. मग लहान छिद्रांतून कोठीतले तेल हळूहळू वाट्यांत येते आणि जोर चढतो.

आता तेच १,६८० किलोज्यूल इथे कुठे गेले ते पाहू. या आकाराच्या कपलिंगमध्ये २० लिटरच्या आसपास तेल असते. सगळी उष्णता तेलातच राहिली असती तर ते ५० अंशांनी तापले असते. पण तेल सतत फिरत, आदळत असते आणि ॲल्युमिनियमच्या वाट्या व कवच यांना उष्णता तत्काळ देत जाते. धातूचा वाटा धरला की एका सुरुवातीचा चढ १७ अंशांच्या आसपास येतो. क्लचच्या १३० अंशांशी तुलना केली म्हणजे फरक कळतो. उष्णता तेवढीच, पण एकीकडे ती पातळ कातडीवर उतरते, दुसरीकडे ती जिथे जन्मते तो पदार्थच तिला घेऊन सगळीकडे पसरतो. तेलाला लायनिंगसारखी झीज नाही. कवच फिरत असल्याने बाहेरची हवा ते थंडही करते.

तरीही मर्यादा आहे. चंद्रपूरच्या मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर असते, आणि चालते कपलिंग त्याहून ३५ अंश गरम धरले तर ८० अंशांवर असते. तिथून लागोपाठ तीन सुरुवाती केल्या की ते १३० च्या पुढे जाते. ‘पुन्हा एकदा मारून बघ’ म्हणत कंट्रोल रूममधून बटण दाबत राहण्याने कपलिंगे जातात, ती अशी. दोन सुरुवातींमध्ये किती वेळ सोडायचा हे उत्पादकाच्या पत्रकात दिलेले असते आणि ते पाळायलाच हवे.

पट्टा पूर्ण अडकला, तर गोष्ट आणखी स्पष्ट होते. रनर उभा, इम्पेलर फिरता, २२४ किलोवॅट सरळ तेलात. आपल्या कपलिंगचे तापमान सेकंदाला दोन अंशांहून अधिक वेगाने चढते आणि ८० वरून १४० अंशांवर पोहोचायला अर्धे मिनिटही लागत नाही. मोटरला तिच्या दृष्टीने फक्त १४० टक्के भार दिसतो, त्यामुळे तिचा ओव्हरलोड रिले इतक्या लवकर सुटत नाही. यासाठी कवचात फ्यूजिबल प्लग बसवलेला असतो. त्यातला मिश्रधातू ठरलेल्या तापमानाला, उदाहरणार्थ १४० अंशांना, वितळतो. तेल बाहेर फेकले जाते आणि मोटर पट्ट्यापासून सुटी होते. गरम तेल उडते, म्हणून कपलिंगवर जाळीचे नव्हे तर बंद आवरण हवे. कोळशाच्या भुकटीवर असे तेल सांडणे धोक्याचे असल्याने भूमिगत खाणींत पाण्यावर किंवा आग न पकडणाऱ्या द्रवावर चालणारी कपलिंगे वापरतात.

प्लग वारंवार उडू लागला की त्याजागी साधा बोल्ट ठोकण्याचा प्रकार काही ठिकाणी होतो. असा बोल्ट म्हणजे पुढच्या वेळी सील जळणे आणि दाबाखालचे कवच फुटण्याचा धोका पत्करणे. उडालेला प्लग तेल कमी आहे, सुरुवाती लागोपाठ होत आहेत किंवा पट्टा कुठेतरी अडतो आहे, यांपैकी एक गोष्ट सांगत असतो.

तेलाची पातळी ही या यंत्राची एकमेव जुळवणी, आणि तिचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. तेल जास्त झाले तर पट्टा झटक्याने निघतो आणि मोटरचा प्रवाह लवकर खाली येत नाही. तेल कमी झाले तर सुरुवात लांबते, स्लिप वाढते आणि कपलिंग चालतानाच तापलेले राहते. हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. टॅकोमीटरने दोन्ही बाजूंचा वेग मोजावा. मोटर १,४८० वर आणि गिअरबॉक्सचा दांडा १,४३६ वर असेल तर स्लिप ३ टक्के, सगळे ठीक. दांडा १,३६० वर आला असेल तर स्लिप ८ टक्क्यांपुढे गेली आहे. सीलमधून तेल गळते आहे का किंवा भार वाढला आहे का, ते पाहावे. तेल भरताना पत्रकातल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात करून थोडे थोडे वाढवावे.

कपलिंगचा एक दोष मात्र तेल जुळवून जात नाही. रिकाम्या पट्ट्यालाही ते तेवढाच जोर देऊ पाहते. भरलेला पट्टा १५ सेकंद घेतो, तिथे ७० टनांचा रिकामा पट्टा जेमतेम तीन-चार सेकंदांत वेग घेतो. एक किलोमीटरच्या पट्ट्याला हे चालून जाते. कित्येक किलोमीटरच्या किंवा चढ-उताराच्या पट्ट्याला चालत नाही.

आणि चालू स्थितीतली ३ टक्के स्लिप ही रोजची पट्टी आहे. आपल्या कन्व्हेयरवर ती सुमारे साडेचार किलोवॅट होते; दिवसाला २० तास चालला तर ९० युनिट. सुरुवातीच्या अर्ध्या युनिटाशी तुलना केली तर पैसा नेमका कुठे जातो ते दिसते. पूर्ण पकडलेल्या क्लचमध्ये स्लिप शून्य असते, हा हिशेब त्याच्या बाजूचा. उलट दोन मोटरी एकाच पट्ट्याला ओढत असतील तेव्हा हीच थोडीशी स्लिप कामाला येते. पुल्यांच्या व्यासात किंचित फरक असला तरी कपलिंगे तो गिळतात आणि भार दोघींत वाटला जातो. घट्ट पकडलेल्या क्लचमध्ये एक मोटर जास्त ओढते, दुसरी तिच्यामागे फिरते.

घर्षणाचा क्लच कन्व्हेयरवरून हद्दपार झालेला नाही. तो तेलात बुडून परत आला आहे. कंट्रोल्ड स्टार्ट ट्रान्समिशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्रणेत अनेक तबकड्यांचा क्लच गिअरबॉक्सच्या आतच असतो. तबकड्यांमधून सतत तेल वाहते, उष्णता बाहेरच्या कूलरकडे नेते, आणि दाब पट्ट्याच्या प्रत्यक्ष वेगावरून नियंत्रित होतो. भरलेला असो वा रिकामा, पट्टा ठरवलेल्या वेळातच वेग घेतो आणि पुढे स्लिप उरत नाही. दुसऱ्या बाजूने, चालू असताना तेल कमी-जास्त करता येणारी, कूलर जोडलेली फ्लुइड कपलिंगेही याच कामासाठी आहेत. मोटरचाच वेग बदलणारा व्हीएफडी तर घसरण्याची गरजच काढून टाकतो, मात्र त्याला धूळ आणि उष्णता यांपासून जपलेली खोली लागते.

एक मोटर, एक किलोमीटरच्या आतबाहेरची लांबी, दिवसातून मोजक्या सुरुवाती आणि धुळीने भरलेली जागा, अशा कन्व्हेयरसाठी विलंब-कोठीचे फ्लुइड कपलिंग आजही योग्य निवड आहे. कोरडा क्लच तिथे बसवू नये. पट्टा त्याहून बराच लांब असेल किंवा तो वारंवार भरलेला सुरू करावा लागणार असेल, तर कूलर असलेला जोड किंवा व्हीएफडी घ्यावा, आणि निवड करण्यापूर्वी एका तासात किती सुरुवाती होणार, हा आकडा पुरवठादाराला लेखी द्यावा.